एका नोकरीची किंमत : ८ लाख १५ हजार डॉलर

८,१५,००० डॉलर. २०१८ च्या भावाने साडेपाच कोटी रुपयांहून जास्त. कपडे धुण्याच्या यंत्रांच्या कारखान्यात एका माणसाला वर्षभर काम मिळावे म्हणून अमेरिकेतल्या ग्राहकांनी त्या वर्षी मोजलेली ही रक्कम. दिवसाला भागले तर २,२०० डॉलरच्या वर जाते, आणि हे एका नोकरीचे झाले. अशा नोकऱ्या होत्या सुमारे १,८००.

हा हिशेब कुणा राजकीय विरोधकाचा नाही. आरॉन फ्लाएन, अली होर्ताचसू आणि फेलिक्स टिंटेलनॉट या तीन अर्थशास्त्रज्ञांनी दुकानातल्या प्रत्यक्ष किमती गोळा करून तो मांडला आणि २०२० मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात तो छापून आला. पहिला तेव्हा अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेतला, बाकीचे दोघे शिकागो विद्यापीठातले. आयात शुल्काचे पैसे नेमके कुणाच्या खिशातून जातात, या प्रश्नावर भाषणे पुष्कळ होतात. पण एकाच वस्तूचा माग बंदरापासून दुकानातल्या किमतीच्या चिठ्ठीपर्यंत काढलेली उदाहरणे थोडी, आणि वॉशिंग मशीनचे उदाहरण त्यातले सर्वात स्वच्छ.

गोष्टीतले मुख्य पात्र व्हर्लपूल. अमेरिकेची जुनी, नावाजलेली कंपनी. ओहायो राज्यातल्या क्लाइड या लहान गावात तिचा वॉशिंग मशीनचा अवाढव्य कारखाना आहे. २००६ मध्ये तिने मेटॅग ही आपली मोठी स्पर्धक कंपनी विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी आयोवातल्या न्यूटन गावचा मेटॅगचा कारखाना बंदही केला. नोकऱ्या फक्त परदेशी मालामुळेच जातात असे नाही, एवढे या निमित्ताने लक्षात ठेवलेले बरे.

पण व्हर्लपूलची खरी डोकेदुखी कोरियाची होती. सॅमसंग आणि एलजी यांची यंत्रे देखणी, मोठी आणि भावाने आटोक्यात. व्हर्लपूलने सरकारकडे तक्रार केली की या कंपन्या रास्त भावापेक्षा कमी दराने माल ओततात. तक्रार मान्य झाली आणि २०१३ च्या सुरुवातीला कोरिया व मेक्सिकोत बनलेल्या यंत्रांवर डंपिंगविरोधी शुल्क लागले. मग झाले काय? सॅमसंग आणि एलजीने अमेरिकेसाठीचे उत्पादन चीनमध्ये हलवले. व्हर्लपूलने पुन्हा तक्रार केली आणि २०१७ च्या सुरुवातीला चिनी यंत्रांवर शुल्क आले. सॅमसंगला सुमारे ५२ टक्के, एलजीला सुमारे ३२. तोवर कंपन्यांचे बस्तान थायलंड आणि व्हिएतनाममध्ये बसलेही होते.

या दोन फेऱ्यांत अमेरिकेतल्या ग्राहकाला यंत्र महाग पडले नाही, ही गोष्ट चटकन लक्षात येत नाही. चीनवरच्या शुल्कानंतर तर किमती थोड्या उतरल्याच, कारण माल आणखी स्वस्त देशात बनू लागला होता. एका देशावरचे शुल्क चुकवता येते. उत्पादन हलवायला खर्च येतो, पण तो एकदाच येतो. अशा शुल्काने कुणालाच फारसे काही होत नाही : ग्राहकाला झळ नाही, देशी कंपनीला आडोसा नाही, सरकारच्या तिजोरीत भर नाही. होते ती फक्त पत्त्यांची अदलाबदल.

म्हणून मे २०१७ च्या शेवटी व्हर्लपूलने वेगळा मार्ग धरला. डंपिंगची तक्रार न करता ‘आयातीच्या लोंढ्याने देशी उद्योगाचे नुकसान होते आहे, संरक्षण द्या’ अशी मागणी केली. या कलमाखाली माल कुठल्या देशातून आला हे बघत नाहीत. ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने नुकसान झाल्याचे मान्य केले, २२ जानेवारी २०१८ ला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या सरकारने शुल्क जाहीर केले आणि ७ फेब्रुवारीपासून ते लागू झाले. कॅनडा आणि काही विकसनशील देश वगळता जवळजवळ सगळ्या जगावर. आता पळायला जागा उरली नव्हती.

हे शुल्क दोन मजली होते. वर्षातल्या पहिल्या १२ लाख यंत्रांवर २० टक्के आणि त्यापुढच्या प्रत्येक यंत्रावर ५० टक्के. दर दरवर्षी थोडे उतरत जाणार होते. म्हणजे शुल्क आणि कोटा यांचा संकर. कोट्यातला माल कुणाचा धरायचा? तर ज्याचा माल आधी कस्टम्समधून सुटेल त्याचा. जागा पकडायची तर लवकर जायला हवे, हे ओघानेच आले. वर्ष सुरू झाले की यंत्रे भरभरून येऊ लागली. अखेर जानेवारी २०२० मध्ये सरकारला कोट्याचे चार तुकडे करावे लागले, तीन महिन्यांना तीन लाख. वखारीत माल आधी भरून ठेवण्याचे भाडे, त्यात अडकलेल्या पैशावरचे व्याज, सगळे किमतीत बसते. शुल्काच्या पावतीवर ते दिसत नाही एवढेच.

आता एक यंत्र हातात घेऊ. व्हिएतनाममधून आलेल्या यंत्राची कस्टम्समधली किंमत समजा ३०० डॉलर आहे. त्यावर २० टक्के म्हणजे ६० डॉलर. हे ६० डॉलर व्हिएतनाम सरकार भरत नाही, कोरियातला कारखानदारही भरत नाही. बंदरावर कागदपत्रे दाखल करणारा अमेरिकेतला आयातदार ते अमेरिकेच्या कस्टम्स खात्यात जमा करतो. सॅमसंग आणि एलजी या दोघांच्या अमेरिकी कंपन्यांची कार्यालये तेव्हा न्यू जर्सीत होती, एडिसन-परसिपनीतल्या आपल्या मराठी मंडळींपासून तासाभराच्या आत. ‘परदेशाने भरलेले’ शुल्क ते हेच.

कायद्याने पैसे आयातदाराने भरले, इथवर वाद नाही. पुढचा प्रश्न खरा : तो ते कुणाकडून वसूल करतो? तीन वाटा असतात. कारखानदाराला ‘भाव कमी कर’ म्हणायचे, आपला नफा कमी करायचा, किंवा ग्राहकाकडून घ्यायचे. बरोबर कोणत्या वाटेने किती पैसे गेले हे कळायचे तर किमतीची तुलना कशाशी तरी करावी लागते, कारण त्या वर्षी महागाईमुळेही भाव चढले असतील. सुरुवातीला सांगितलेल्या तीन अर्थशास्त्रज्ञांनी वॉशिंग मशीनची तुलना शुल्क न लागलेल्या घरगुती उपकरणांशी केली. तीच दुकाने, तेच गिऱ्हाईक, साधारण तेच पत्र्याचे आणि मोटारीचे काम. बाकीची उपकरणे जागच्या जागी आणि वॉशिंग मशीन वर गेले असेल, तर तो फरक शुल्काचा.

फरक निघाला जवळपास १२ टक्के. यंत्रामागे सुमारे ८६ डॉलर, तेव्हाच्या भावाने सहा हजार रुपयांच्या आसपास. आणि इथे पहिला धक्का आहे : हे ८६ डॉलर फक्त कोरियन यंत्रांवर चढले नाहीत, क्लाइडमध्ये बनलेल्या यंत्रांवरही चढले. त्यांनी कस्टम्सला एक छदाम दिलेला नव्हता. एसटीचा संप झाला की खासगी गाडीवाला डिझेल महागलेले नसतानाही भाडे वाढवतो, त्यातलाच प्रकार. स्पर्धकाची किंमत वर गेली की आपली खाली ठेवण्याचे कारण उरत नाही. यात व्हर्लपूलने काही बेकायदा केले असे मुळीच नाही. देशी उत्पादकाला जास्त भाव मिळावा हाच संरक्षक शुल्काचा हेतू असतो, फक्त भाषणात तो तसा सांगत नाहीत.

दुसरा धक्का ड्रायरचा.

अमेरिकेत बहुतेक घरांत कपडे दोरीवर वाळत नाहीत. धुण्याच्या यंत्राशेजारी तेवढेच, त्याच रंगाचे वाळवण्याचे यंत्र असते. दुकानात ही जोडी शेजारी शेजारी मांडलेली असते आणि पुष्कळदा दोन्हींवर एकच किंमत लिहिलेली असते. घर घेतले की माणूस जोडीच नेतो. ड्रायरवर अमेरिकेने एक डॉलरचेही नवे शुल्क लावलेले नव्हते. तरी ड्रायर महागला, तोही सुमारे ९२ डॉलरने. धुण्याच्या यंत्रापेक्षा काकणभर जास्तच.

कारण साधे आहे. विक्रेत्याला जोडीमागे १७० ते १८० डॉलर वाढवायचे आहेत. सगळी वाढ एका यंत्रावर टाकली तर ७२० डॉलरचे यंत्र ९०० चे दिसेल आणि शेजारचा ड्रायर ७२० चाच राहील. गिऱ्हाईक दचकेल. दोन्हींवर निम्मी निम्मी टाकली तर दोन्ही ८०० च्या घरात जातात, चिठ्ठ्या पूर्वीसारख्याच जुळतात आणि कुणाला काही वावगे वाटत नाही. म्हणजे शुल्काचा अर्धा भाग शुल्क नसलेल्या वस्तूत लपला. नुसत्या धुण्याच्या यंत्रांच्या किमती पाहून कुणी हिशेब मांडला असता तर त्याला निम्मेच सत्य सापडले असते. त्या १२ टक्क्यांकडे बघून ‘शुल्क २० टक्के आणि वाढ बाराच, म्हणजे उरलेले परदेशी कंपनीने सोसले’ असा निष्कर्ष काढणारेही भेटले असते, आणि तो सपशेल चुकला असता.

ड्रायर आणि देशी ब्रँड दोन्ही धरले तर उलटेच चित्र दिसते. शुल्काच्या ओझ्याहून ग्राहकावरची किंमतवाढ मोठी ठरते. परदेशी विक्रेत्याने एक डॉलर सोसून ग्राहकाला वाचवणे राहिले बाजूला, सरकारने वरून घातलेल्या प्रत्येक डॉलरला ग्राहकाने एकाहून जास्त डॉलर मोजले.

आता बेरीज. अमेरिकेत वर्षाला एक कोटीच्या घरात धुण्याची यंत्रे विकली जातात. तेवढ्यांवर ८६ डॉलर, वर त्याहून कमी खपणाऱ्या ड्रायरचे ९२. वर्षाचा आकडा येतो १५० कोटी डॉलरहून थोडा अधिक, म्हणजे दहा हजार कोटी रुपयांच्या वर. रोज ४२ लाख डॉलर, रविवार धरून.

यातले सरकारला किती मिळाले? ८ कोटी २० लाख डॉलर. ग्राहकाने जादा मोजलेल्या शंभर डॉलरमागे जेमतेम पाच-साडेपाच. मला या सगळ्या प्रकरणात ८,१५,००० पेक्षा हा आकडा जास्त बोलका वाटतो. कर लावला की पैसे सरकारकडे जातात, ही आपली साधी समजूत. इथे सरकार दारात उभे राहून पाच डॉलर घेत होते आणि पंचाण्णव डॉलर दुसऱ्याच दारांनी बाहेर जात होते. काही देशी उत्पादकांकडे, काही विक्रेत्यांकडे, काही परदेशी कंपन्यांनी नव्या कारखान्यांवर केलेल्या जादा खर्चात. असे का व्हावे? कारण शुल्क फक्त सीमा ओलांडणाऱ्या यंत्रावर बसते आणि किंमत बाजारातल्या प्रत्येक यंत्राची वाढते. जितका आयात माल कमी होईल, म्हणजे शुल्क जितके ‘यशस्वी’ होईल, तितका सरकारचा वाटा आणखी लहान होतो. शुल्कातून तिजोरीही भरेल आणि कारखानेही परत येतील असे एका दमात सांगणाऱ्याला हे विचारायला हवे : माल आला नाही तर शुल्क कशावर घेणार?

नुसता कोटा लावला आणि शुल्क लावलेच नाही तर सरकारच्या हाती हे पाचही येत नाहीत. १९८१ मध्ये अमेरिकेच्या दबावाखाली जपानने वर्षाला १६ लाख ८० हजारच मोटारी पाठवण्याचे ‘स्वेच्छेने’ कबूल केले. गाड्या कमी, गिऱ्हाईक तेवढेच, भाव चढले. ते चढलेले पैसे अमेरिकेच्या तिजोरीत जाण्याचा मार्गच नव्हता. ते जपानी कंपन्यांच्या आणि अमेरिकेतल्या विक्रेत्यांच्या गल्ल्यात पडले. शिवाय संख्येवर मर्यादा असल्याने कंपन्यांनी मोठ्या, जास्त सोयींच्या, जास्त नफ्याच्या गाड्या पाठवायला सुरुवात केली. ज्यांना आवरायचे त्यांच्याच पदरात बक्षीस, असा हा मामला.

पुन्हा आपल्या १,८०० नोकऱ्यांकडे येऊ. त्यातल्या सुमारे २०० व्हर्लपूलच्या, क्लाइडमधल्या. उरलेल्या १,६०० सॅमसंग आणि एलजीच्या. साउथ कॅरोलिनातल्या न्यूबेरीत सॅमसंगचा आणि टेनेसीतल्या क्लार्क्सव्हिलमध्ये एलजीचा कारखाना आला. म्हणजे ज्या परदेशी कंपन्यांना अडवण्यासाठी हा खटाटोप झाला, त्यांनीच अमेरिकेत येऊन आठपट माणसे घेतली आणि व्हर्लपूलला नको असलेली स्पर्धा घरातच आली. शिवाय हे दोन्ही कारखाने जाहीर झाले २०१७ मध्ये, शुल्क लागण्याच्या आधी. त्यामागे येऊ घातलेल्या शुल्काची धास्ती होती हे खरे, पण सगळ्याच नोकऱ्या शुल्काच्या खात्यावर जमा करणे हा हिशेब उदारच म्हणायचा. थोडा कंजूष केला तर नोकरीमागचा आकडा आणखी फुगेल.

ग्राहकांच्या खर्चातून सरकारला मिळालेले ८ कोटी २० लाख वजा करायचे, कारण ते पैसे सरकारच्या तिजोरीत आले. उरलेली रक्कम १,८०० ने भागायची. उत्तर ८,१५,०००. आता समजा कारखान्यातल्या माणसाला तासाला २० डॉलर मिळतात. वर्षाचे २,०८० तास धरले तर ४१,६०० डॉलर होतात. म्हणजे एका वर्षाची एक नोकरी टिकवायला ग्राहकांनी जवळपास वीस वर्षांचा पगार मोजला. या १,८०० जणांना सरकारने घरी बसवून पूर्ण पगार दिला असता तरी साडेसात कोटी डॉलरमध्ये भागले असते. तेवढे तर शुल्कातूनच जमा झाले होते!

या अभ्यासाच्याही मर्यादा आहेत. तो सुरुवातीच्या काळातल्या किमतींचा आहे, आणि नवे कारखाने पूर्ण क्षमतेने चालू लागल्यावर खर्च उतरू शकतो. नोकरीची किंमत पगाराएवढीच नसते, कारखाना गेलेल्या गावात दुकाने, शाळा, घरांचे भाव सगळेच ढासळते. हे मान्य. पण वीसपट? आणि हे ओझे श्रीमंत-गरीब न बघता पडते. १७८ डॉलर दोघांनाही सारखेच.

निदान व्हर्लपूलचे तरी भले झाले का? जानेवारी २०१८ मध्ये कंपनीचा शेअर वधारला. मार्चमध्ये त्याच सरकारने पोलादावर २५ टक्के आणि अॅल्युमिनियमवर १० टक्के शुल्क लावले. वॉशिंग मशीन म्हणजे मुख्यतः पत्रा. जुलैत तिमाहीचे आकडे आले तेव्हा एका दिवसात शेअर सुमारे १४ टक्क्यांनी घसरला. कच्चा माल महागल्याचे रडगाणे आता व्हर्लपूलच गात होती. यंत्र बनवणाऱ्याला संरक्षण आणि त्याच्या पत्र्यावर कर, हे दोन्ही एकाच वर्षात. एकाचे संरक्षण ते दुसऱ्याचे ओझे, हे त्या दिवशी शेअर बाजारात जाहीरपणे दिसले.

दक्षिण कोरियाने जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली आणि २०२२ मध्ये तिथल्या तज्ज्ञमंडळाने कोरियाच्या बाजूने कौल दिला. मधल्या काळात शुल्काला दोन वर्षांची मुदतवाढ मिळाली होती. ७ फेब्रुवारी २०२३ ला ते संपले.

हे सगळे दूरदेशीचे म्हणून सोडून देता येत नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये, म्हणजे त्याच वर्षी, भारत सरकारने १० किलोपेक्षा लहान वॉशिंग मशीनवरचे मूळ आयात शुल्क १० वरून २० टक्के केले. एअर कंडिशनर आणि फ्रिज यांचेही तेवढेच केले. कारण दिले होते चालू खात्यावरची तूट आवरण्याचे. पुण्याजवळ रांजणगावला एलजी आणि व्हर्लपूल या दोन्ही कंपन्यांचे कारखाने आहेत, तेव्हा स्पर्धक तेच आणि प्रश्नही तोच. फरक एवढाच की आपल्याकडे किमतींचा माग इतक्या बारकाईने काढणारा असा अभ्यास सामान्य वाचकाच्या हाती पोचलेला नाही. पुढच्या वेळी अर्थमंत्र्यांनी एखाद्या परदेशी वस्तूवर शुल्क वाढवल्याची बातमी वाचाल, तेव्हा त्या वस्तूची किंमत बघत बसू नका. महिनाभराने दुकानात जाऊन तिच्या शेजारच्या देशी वस्तूची चिठ्ठी बघा. आणि तिच्या जोडीने विकल्या जाणाऱ्या वस्तूचीही.